आधी कोण, आणि मध्येच कोण

बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या उत्तरपत्रिकेत दरवर्षी एक उत्तर हमखास भेटते. प्रश्न असतो ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या इंटरप्टचा: मास्क करता येणारे कोणते, न येणारे कोणते, व्हेक्टर्ड म्हणजे काय आणि त्यांचा अग्रक्रम काय. मुले पाच नावे ओळीने लिहितात. ट्रॅप, आरएसटी ७.५, आरएसटी ६.५, आरएसटी ५.५, आयएनटीआर. शेजारी पत्ते लिहितात, खाली चौकोन काढतात. सगळे बरोबर असते. मग एखादे मूल मनापासून आणखी एक वाक्य जोडते: ‘म्हणून आरएसटी ७.५चे काम चालू असताना आरएसटी ५.५ मध्ये येऊ शकत नाही.’ तिथे माझे लाल पेन थांबते. हे वाक्य चूक आहे, आणि ते लिहिणारे मूल बहुतेक वेळा वर्गातल्या हुशार मुलांपैकी असते, कारण पाठ केलेल्या क्रमाचा अर्थ लावायचा प्रयत्न फक्त त्यानेच केलेला असतो.

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. पण तिथवर जायला चिपच्या आत थोडे फिरून यावे लागेल.

इंटेलने ८०८० ही आठ बिटांची चिप १९७४ साली आणली आणि तिचीच सुधारलेली बहीण ८०८५ ही १९७६ साली. आज ती कुणाच्या टेबलावरच्या संगणकात नाही, पण आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती अजून आहे, हेक्साडेसिमल कळा आणि लाल आकड्यांच्या किटवर. रमेश गावकर यांच्या इंग्रजी पुस्तकावरून ती शिकलेल्या पिढ्या आता निवृत्तीला आल्या. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीचा मेंदू याच चिपची कमी वीज खाणारी आवृत्ती होती.

प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. मेमरीतून एक सूचना उचलायची, पार पाडायची, पुढची उचलायची. पण बाहेरचे जग त्याच्या सोयीने चालत नाही. कळ कधीही दाबली जाते, चाकाचा दात सेन्सरसमोरून कधीही जातो, वीज कधीही जाते. दर क्षणी प्रत्येकाला ‘तुझे काही आहे का?’ असे विचारत फिरण्यापेक्षा ज्याला गरज आहे त्यानेच हाक मारावी, ही इंटरप्टची कल्पना. ८०८०ला अशी हाक मारायला एकच तार होती. ८०८५ला पाच आहेत, चाळीस पायांपैकी ६ ते १० क्रमांकाच्या पायांवर. सहावा ट्रॅप, सातवा ७.५, आठवा ६.५, नववा ५.५, दहावा आयएनटीआर. अग्रक्रमही नेमका याच ओळीने आहे, त्यामुळे पिनची आकृती ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्याला क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

मुलांचा पहिला गोंधळ होतो तो ‘मास्केबल’ आणि ‘व्हेक्टर्ड’ हे एकाच यादीतले दोन कप्पे समजण्यात. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. मास्केबल म्हणजे, ही हाक कानांआड करता येते का? व्हेक्टर्ड म्हणजे, हाक ऐकल्यावर कुठे जायचे हे प्रोसेसरला स्वतःला ठाऊक आहे का? ट्रॅप व्हेक्टर्ड आहे आणि कानांआड करता येत नाही. ७.५, ६.५, ५.५ हे तिघेही व्हेक्टर्ड आहेत आणि कानांआड करता येतात. आयएनटीआर कानांआड करता येतो, पण व्हेक्टर्ड नाही. प्रत्येक तारेला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले की हा गोंधळ होत नाही.

कुठे जायचे याचा हिशेब सोपा आहे. नावातल्या आकड्याला आठने गुणायचे. ७.५ गुणिले ८ म्हणजे ६०, हेक्साडेसिमलमध्ये `003CH`. ६.५चे ५२, म्हणजे `0034H`. ५.५चे ४४, म्हणजे `002CH`. ट्रॅपच्या नावात आकडा नाही, पण त्याचे घर `0024H`, म्हणजे ३६ आहे. जणू तो ४.५ आहे. हा अर्धा कुठून आला असे मुले विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. ८०८०च्या काळापासून `RST 0` ते `RST 7` अशा आठ सूचना होत्या आणि त्यांची घरे आठ-आठ बाइटांवर ठरलेली होती. नव्या तारांना जागा द्यायची तर ती जुन्या दोन घरांच्या मधोमध. म्हणून ७.५चे घर `RST 7`च्या पुढे चार बाइटांवर आहे. चार बाइटांत कसला प्रोग्रॅम बसणार? फक्त एक `JMP` बसतो, तो तीन बाइटांचा असतो. त्या घरात म्हणून ‘मी अमुक पत्त्यावर राहतो, तिकडे जा’ एवढीच पाटी लावलेली असते.

आयएनटीआरचे तसे नाही. प्रोसेसर त्याला उलट विचारतो, ‘बोल, काय करू?’ ते विचारण्यासाठी अकराव्या पायावर एक होकाराची रेषा आहे. ती खाली गेली की हाक मारणाऱ्याने डेटा बसवर एखाद्या सूचनेचा आकडा ठेवायचा, बहुधा `RST` पैकी एखादी. कुणीच काही ठेवले नाही आणि बसच्या तारा रेझिस्टरने वर ओढून ठेवल्या असतील, तर प्रोसेसर `FFH` वाचतो. योगायोगाने `FFH` हाच `RST 7`चा आकडा. एकाच उपकरणाचे काम असेल तर लोक मुद्दाम तेवढ्यावरच भागवत.

आता दुसरा प्रश्न, कानांआड करण्याचा. इथे वाड्याचे चित्र उपयोगी पडते. वाड्याला एक मोठा दिंडी दरवाजा आहे. तो उघडायची सूचना `EI`, लावून घ्यायची `DI`. त्याच्या आत ७.५, ६.५ आणि ५.५ यांच्या तीन खोल्यांना प्रत्येकी वेगळी कडी आहे, आणि त्या कड्या `SIM` या सूचनेने लावता-काढता येतात. आयएनटीआरला आतली कडी नाही. त्याला थांबवायचे तर दिंडीच लावावी लागते. ट्रॅप या दोन्हींतून येत नाही. तो मागच्या भिंतीतून थेट माजघरात येतो. वीज दिल्यावर किंवा रीसेट केल्यावर दिंडी बंद असते आणि तिन्ही कड्या लावलेल्या असतात. ‘सगळे जोडले पण इंटरप्ट येतच नाही’ या तक्रारीचे कारण निम्म्या वेळा एवढेच असते.

आपल्याला ७.५ आणि ५.५ हवे आहेत, ६.५ नको, असे समजा. `SIM` अ‍ॅक्युम्युलेटरमधले आठ बिट वाचतो. सर्वांत उजवा बिट ५.५चा, त्याच्या डावीकडे ६.५चा, मग ७.५चा; १ म्हणजे कडी लावा, ० म्हणजे काढा. चौथा बिट सांगतो की हे तीन बिट खरोखर अमलात आणा. तो शून्य ठेवला तर कड्या जागच्या हलत नाहीत. उजवे चार बिट झाले 1010, म्हणजे `0AH`.

```
MVI A,0AH
SIM
EI
```

पाचव्या बिटाचे एक वेगळे काम आहे. ७.५ची तार बाकीच्यांसारखी नाही. ६.५, ५.५ आणि आयएनटीआर यांना दाद मिळेपर्यंत तार वर धरून ठेवावी लागते. हात खाली घेतला की हाक संपली. ७.५ला मात्र तार खालून वर जाण्याचा एक झटका पुरतो. तो झटका आतल्या एका फ्लिप-फ्लॉपमध्ये टिपून ठेवला जातो आणि दिंडी बंद असली तरी तिथे थांबून राहतो. पाचवा बिट १ केला की ती टिपण पुसली जाते. लक्षात ठेवायचे एवढेच की ही जागा एका टिपणीची आहे. थांबलेल्या काळात एक झटका आला काय किंवा तीन आले काय, आत एकच नोंद राहते. पुढे हे कामाला येणार आहे.

हाक लागल्यावर काय होते ते एकदा सावकाश पाहू. मुख्य प्रोग्रॅम `2050H`वरची दोन बाइटांची सूचना पार पाडतो आहे, स्टॅक पॉइंटर `2400H`वर आहे आणि ७.५चा झटका आला. प्रोसेसर हातातली सूचना अर्धी टाकत नाही. प्रत्येक सूचनेच्या शेवटाकडे तो तारांकडे नजर टाकतो. मग दिंडी आपोआप लावून घेतो, पुढच्या सूचनेचा पत्ता `2052H` स्टॅकवर ठेवतो, म्हणजे `23FFH`मध्ये 20 आणि `23FEH`मध्ये 52, आणि `003CH`कडे उडी मारतो. या उडीला घड्याळाचे बारा ठोके लागतात. ६.१४४ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावला तर चिप त्याच्या निम्म्या वेगाने चालते, म्हणजे बारा ठोके सुमारे ४ मायक्रोसेकंदांचे. सर्वांत लांब सूचना अठरा ठोक्यांची असते. ती नुकतीच सुरू झालेली असली तरी दिंडी उघडी असेल तर दहा-एक मायक्रोसेकंदांत दाद लागते.

‘दिंडी आपोआप लावून घेतो’ हे चार शब्द बहुतेक उत्तरांतून गळतात, आणि चुकीचे वाक्य तिथेच जन्माला येते. हाक कोणाचीही असो, ७.५ची असो की ५.५ची, दिंडी सर्वांसाठी बंद होते. `EI` पुन्हा दिल्याशिवाय ट्रॅप सोडून कुणीही आत येत नाही. मग अग्रक्रम नेमका कशाचा? सूचनेच्या शेवटी प्रोसेसरने नजर टाकली आणि त्या क्षणी दोन-तीन हाका एकदम उभ्या दिसल्या, तर त्यांतली आधी कोणती घ्यायची, एवढाच तो निवाडा आहे. आत कोणाचे काम चालू आहे, ते मोठ्याचे की धाकट्याचे, हे चिप लक्षात ठेवत नाही. ७.५च्या कामात कुणी `EI` दिले आणि बाहेर ५.५ उभा असेल, तर तो खुशाल आत येतो. इंटेलच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या नोट्समध्ये उतरताना ते कुठेतरी सांडले.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात कळले. फिरत्या चाकाचे दात मोजायचे होते. सेन्सर ७.५वर होता, दर १० मिलिसेकंदांना एक झटका. कीबोर्ड ८२७९ या चिपमार्फत ५.५वर होता. कळ दाबली की ८२७९ आपली रेषा वर नेते आणि कळ वाचून घेतली की खाली आणते. मोजणीचे काम असे होते:

```
PUSH H
LHLD 2300H
INX H
SHLD 2300H
POP H
EI
RET
```

उडीपासून परतीपर्यंत सगळे मिळून ९६ ठोके, सुमारे ३१ मायक्रोसेकंद. `EI` शेवटून दुसऱ्या जागी का आहे हेही पाहण्यासारखे. `EI`चा परिणाम लगेच होत नाही, त्याच्या पुढची एक सूचना पार पडल्यावर होतो. त्यामुळे `RET` बिनधोक पुरा होतो, स्टॅक रिकामा होतो आणि मगच पुढची हाक घेतली जाते.

कळांना हात न लावता हजार झटके दिले की मोजणी बरोबर हजार यायची. तेवढ्याच वेळात दहा कळा दाबल्या की आकडा कमी यायचा: एकदा ९८६, एकदा ९८३. मुलगा म्हणाला, ‘बाई, ७.५ मोठा आहे ना? मग ५.५मुळे त्याचे कसे हुकते?’ आम्ही सेन्सर बदलला, तारा बदलल्या. शेवटी कीबोर्डच्या कामाची यादी उघडली तेव्हा सापडले. कळ वाचल्यावर छोटा ‘टिक’ आवाज करण्यासाठी त्यात २५ मिलिसेकंदांचा फेरा घातलेला होता. तेवढा वेळ दिंडी बंद. २५ मिलिसेकंदांत दोन किंवा तीन झटके येतात आणि टिपणीची जागा एकच. म्हणजे दर कळेमागे एक किंवा दोन दात बुडत होते. दहा कळांना दहा ते वीस. आमचे आकडे बरोबर त्यातच बसत होते.

मोठा दाराशी उभा होता, त्याचा मान कागदावर पहिला होता, पण धाकटा आत शिरून दार लावून बसला होता.

मुलाने उपाय केला तो कुणालाही पहिल्यांदा सुचेल असाच. कीबोर्डच्या कामाच्या सुरुवातीलाच `EI` टाकला.

```
PUSH PSW
EI
MVI A,40H
```

(`40H` म्हणजे ८२७९ला ‘कळ वाचायची आहे’ असे सांगणारा आदेश.) पहिली कळ दाबताच किट गोठले. कारण पाहा. `EI`चा परिणाम `MVI` संपल्यावर झाला. तोवर कळ वाचलेलीच नव्हती, म्हणजे ५.५ची रेषा अजून वरच होती. प्रोसेसरला ती नवी हाक वाटली. पुन्हा `002CH`, पुन्हा `PUSH PSW`, पुन्हा `EI`, पुन्हा तेच. दर फेरीला स्टॅक चार बाइट खाली सरकतो: दोन परतीच्या पत्त्याचे, दोन `PSW`चे. `2400H`पासून आमच्या मोजणीच्या `2300H`पर्यंत २५६ बाइट होते, म्हणजे ६४ फेऱ्या. एक फेरी ४५ ठोक्यांची. सगळी जागा खाऊन मोजणीवर चढायला पुरता एक मिलिसेकंदही लागला नाही. रीसेट करून मेमरी पाहिली तर तोच पत्ता आणि तोच `PSW` चार-चार बाइटांनी छापल्यासारखा ओळीने उभा होता. असा नक्षीदार स्टॅक दिसला की वर राहिलेल्या रेषेवर अवेळी `EI` दिले गेले आहे, हे ओळखावे.

खरा उपाय असा, की कीबोर्डने आत आल्याबरोबर आधी आपल्याच खोलीची कडी लावावी आणि मग मोठ्यासाठी दिंडी उघडावी.

```
PUSH PSW
MVI A,0BH
SIM
EI
```

`0BH` म्हणजे 1011: ६.५ आणि ५.५ बंद, ७.५ मोकळा. आता कळ वाचा, आवाज करा, २५ मिलिसेकंद काय हवा तेवढा वेळ घ्या. दर १० मिलिसेकंदांना ७.५ मध्ये येतो, ३१ मायक्रोसेकंदांत मोजून जातो आणि ५.५चे काम जिथे होते तिथून पुढे चालू. निघताना कड्या पूर्ववत करायच्या:

```
DI
MVI A,0AH
SIM
POP PSW
EI
RET
```

इथे आणखी एक खड्डा आहे. पुष्कळ पुस्तकांतल्या उदाहरणात `SIM`पूर्वीच्या आकड्यात पाचवा बिटही १ असतो, `0AH`च्या जागी `1AH`. प्रोग्रॅमच्या आरंभी ते शहाणपणाचे आहे, आधीचा एखादा भरकटलेला झटका पुसून टाकला जातो. पण तोच आकडा इथे, परतीच्या वाटेवर नकलून ठेवला, तर थांबलेला खरा झटका पुसला जाईल आणि मोजणी पुन्हा चुकेल, तीही क्वचित कधीतरी, म्हणजे शोधायला सर्वांत कठीण अशी.

संशय आला की `RIM` ही सूचना द्यावी. ती कड्यांची आणि दिंडीची स्थिती सांगतेच, शिवाय तिघांपैकी कोण दाराशी उभा आहे तेही सांगते. `RIM`च्या उत्तरातला डावीकडून दुसरा बिट ७.५चा. कीबोर्डच्या जुन्या कामाच्या शेवटी आम्ही `RIM` घालून तो बिट पाहिला. झटके चालू असताना तो दर वेळी १ होता.

ट्रॅपबद्दल दोन गोष्टी. त्याला दाद मिळायला झटकाही लागतो आणि दाद लागेपर्यंत तार वरही राहावी लागते. हे दोन्ही मुद्दाम मागितले आहे. क्षणभराच्या विजेच्या खरखरीला त्याने दाद देऊ नये, आणि तार वरच अडकली तर एकाच हाकेला पुन्हापुन्हा धावू नये. तो बहुधा वीज जाण्याची सूचना देणाऱ्या मंडलाला जोडतात. कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर काही मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात महत्त्वाचे आकडे सुरक्षित मेमरीत हलवता येतात. दुसरी गोष्ट जपण्याची. त्याला अडवता येत नाही, म्हणून रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर ठरण्याआधीच तो आला तर परतीचा पत्ता मेमरीत भलत्याच जागी लिहिला जातो. `LXI SP` ही पहिलीच सूचना असावी ती याकरिता. आणि ट्रॅप वापरायचा नसेल तर सहावा पाय जमिनीला जोडून टाकावा, मोकळा सोडू नये.

दुरुस्तीनंतर त्या मुलाने पुन्हा हजार झटके दिले आणि मुद्दाम धडाधड कळा दाबल्या. लाल आकड्यांत `03E8` आले, म्हणजे बरोबर हजार. त्याने वहीत अग्रक्रमाच्या ओळीखाली स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले: ‘एकाच वेळी हाका आल्या तर या क्रमाने घेतो. चालू कामात मध्ये कोणी यायचे ते `EI` आणि `SIM`ने आपण ठरवायचे.’ उत्तरपत्रिकेत ही दोन वाक्ये मिळाली तर मी पूर्ण गुण देते, पाचव्या नावाचे स्पेलिंग चुकले असले तरी.